सर्व्हर सोडण्यापूर्वी जुने मेसेज काढणे: डिचोलीच्या एका तरुणीचे प्रकरण

हे प्रकरण डिचोली तालुक्यातील एका तरुणीचे आहे; त्यात मी तिला मदत केली. तिचे शिक्षण फोंड्याला झाले आणि सध्या ती पर्वरीत नोकरी करते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत आणि काही गाळले आहेत; तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसाच मांडला आहे. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर चित्रकला शिकणाऱ्यांचा एक मोठा सर्व्हर, म्हणजे वेगवेगळ्या चॅनेलांत विभागलेला गट, आहे; त्यावर ती कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून सहा वर्षे होती. सभासद काही हजार होते. त्यांतले बरेच गोवा, सिंधुदुर्ग आणि बेळगाव भागातले असल्यामुळे गप्पा मराठी, कोंकणी आणि इंग्रजी अशा मिसळलेल्या चालत. सर्व्हरवर तिने टोपणनाव घेतले होते आणि त्या टोपणनावाच्या भरवशावर ती मोकळेपणाने लिहीत गेली.

त्याच सर्व्हरवरील एका सभासदाने तिच्या जुन्या मेसेजमधून तुकडे वेचून ती कोणत्या बसने जाते, तिचे वडील कोणत्या आजाराने त्रस्त होते, ती कोणत्या गावची, हे सगळे तिलाच खाजगी मेसेजमध्ये लिहून पाठवले. धमकी नव्हती, पण मजकूर वाचून कोणाचाही थरकाप उडेल असा होता. तिने सर्व्हर सोडायचे ठरवले, आणि सोडण्यापूर्वी आपले लिहिलेले तिथे मागे राहू नये असे तिला वाटले. अडचण अशी होती की सर्व्हरची देखरेख करणाऱ्या मॉडरेटरांनी तिथे एक लॉग-बॉट, म्हणजे घडामोडींची आपोआप नोंद ठेवणारा प्रोग्राम, बसवलेला होता. कोणी मेसेज डिलीट केला की त्याची नोंद मॉडरेटरांच्या खाजगी चॅनेलमध्ये पडते, एवढे तिला ऐकून माहीत होते. म्हणजे आपण जे पुसू तेच नेमके त्यांच्यासमोर नव्याने मांडले जाईल, अशी तिची भीती होती. ती भीती अर्धी खरी होती आणि अर्धी चुकीची. या प्रकरणात कळीचे ठरले ते हे अर्धे-अर्धे नेमके कुठे वेगळे होते हे समजून घेणे.

आधी काय करायचे नाही

तिच्या मनात दोन सोपे मार्ग आले होते आणि दोन्ही घातक होते. पहिला म्हणजे रागाच्या भरात सर्व्हर सोडून देणे. डिस्कॉर्डवर सर्व्हर सोडल्याने मेसेज जात नाहीत, ते तिथेच राहतात. जाते ती फक्त आपली त्या चॅनेलपर्यंतची वाट. चॅनेल दिसत नाही म्हणजे त्यातला आपला मेसेजही डिलीट करता येत नाही. मॉडरेटरांनी सर्व्हरबाहेर काढले किंवा एखाद्या चॅनेलची परवानगी काढून घेतली, तरी परिणाम हाच होतो.

दुसरा मार्ग खातेच काढून टाकण्याचा. खाते काढल्यावर आधी १४ दिवस ते बंद अवस्थेत राहते आणि त्यानंतर ते कायमचे जाते. जुने मेसेज मात्र राहतात, फक्त त्यांच्यावर नावाऐवजी `Deleted User` असे काहीतरी दिसते. मजकूर शब्दन् शब्द तसाच असतो. “उद्या आमच्या गावची जत्रा, घर पाहुण्यांनी भरले आहे” हे वाक्य कोणाच्याही नावाने असले तरी ते वाक्यच ओळख सांगते. वाईट भाग असा की खाते गेल्यावर ते मेसेज आपले आहेत हे सिद्ध करायला आणि ते पुसायला आपल्या हाती काहीच उरत नाही. म्हणून खात्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले.

त्याच दिवशी तिने एक काम उरकले. त्या सभासदाने पाठवलेल्या खाजगी मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख, वेळ आणि वापरकर्त्याच्या आयडीसह जपून ठेवले. आपले मेसेज पुसताना पुढे तक्रार करावी लागली तर लागणारा पुरावाही पुसला जातो, हे त्या क्षणी ध्यानात येत नाही. तिचा जो मेसेज त्याने उद्धृत केला होता, तो मूळ मेसेजही डिलीट करण्यापूर्वी चित्ररूपात ठेवून घेतला.

आपण काय लिहिले हे आधी हातात घेणे

सहा वर्षांत तिने किती लिहिले याचा तिला अंदाज नव्हता. डिस्कॉर्डच्या सेटिंग्जमध्ये `Data & Privacy` या भागात आपल्या डेटाची प्रत मागता येते. ती तयार व्हायला ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून ती मागणी सगळ्यात आधी नोंदवायची आणि प्रत हाती येईपर्यंत सर्व्हरवर कोणालाही निरोपाचा सुगावा लागू द्यायचा नाही. तिची प्रत त्या मुदतीच्या आतच आली. ती एक झिप फाइल असते; तिच्यात मेसेजचा एक फोल्डर आणि त्या फोल्डरमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी वेगळा फोल्डर असतो. त्यातल्या `messages.json` या फाइलमध्ये प्रत्येक मेसेजचा आयडी, वेळ, मजकूर आणि जोडलेल्या फाइलचा दुवा असतो. यात फक्त आपणच लिहिलेले असते, दुसऱ्यांची उत्तरे नसतात.

या प्रतीचा खरा उपयोग असा की आयडी हाती असला की त्या मेसेजवर थेट जाता येते. दुवा असा बनतो:

```
https://discord.com/channels/SERVER_ID/CHANNEL_ID/MESSAGE_ID
```

त्या सर्व्हरवरचे तिचे मेसेज चार हजारांच्या घरात होते. हे सगळे हाताने पुसणे शक्य होते, पण गरजेचे नव्हते. “छान जमलंय”, “रेषा थोडी हलकी घे” अशा मेसेजने कोणाचे काही बिघडत नाही, आणि ते पुसल्याने शिकणाऱ्या दुसऱ्या मुलांचे संवाद मात्र अर्धवट होतात. माझे मत असे आहे की ओळख, ठावठिकाणा, आरोग्य, पैसा आणि घरातील माणसे यांविषयीचे मेसेज पुसावेत आणि बाकीचे राहू द्यावेत. तिलाही ते पटले.

शोधायचे कसे, यात गोव्याची एक खास अडचण आली. आपल्याकडे एकाच गावाचे नाव लोक चार प्रकारे टाइप करतात. फक्त डिचोली शोधून चालत नाही. `Dicholi`, `Bicholim`, `Divchal` हे सगळे वेगवेगळे शोधावे लागतात. फोंड्यासाठी `Ponda`, `Fonda`, `Phonda`. म्हापशासाठी `Mapusa`, `Mhapsa`. पहिल्या फेरीत तिने फक्त इंग्रजी पाटीवरची स्पेलिंगे शोधली आणि समाधान मानले. दुसऱ्या फेरीत घरगुती स्पेलिंगांनी निम्म्याहून अधिक नवे मेसेज बाहेर आले. त्यापुढची पायरी नाव न घेता ठिकाण सांगणाऱ्या मेसेजची. शिरगावच्या लईराईच्या जत्रेविषयी तिने दर वर्षी काहीतरी लिहिले होते, घरातले धोंड व्रताला बसले आहेत, आज अग्निदिव्य आहे, असे. गावाचे नाव एकाही मेसेजमध्ये नव्हते, पण गोव्यातल्या वाचकाला ते नाव वेगळे सांगावे लागत नाही. असे मेसेज शब्द शोधून सापडत नाहीत. त्यासाठी वर्षातले ठराविक दिवस धरून त्या तारखांचे मेसेज वाचावे लागले: जत्रा, चतुर्थी, परीक्षा, वडिलांच्या आजाराचे महिने. जोडलेली चित्रे सर्व्हरच्या शोधात `has:image` घालून वेगळी पाहिली. एका रेखाचित्राच्या फोटोत मागे खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी स्पष्ट दिसत होती.

सरतेशेवटी पुसण्याजोगे म्हणून सुमारे तीनशे मेसेज यादीत राहिले. आकडा एकदम आटोक्यात आला.

मॉडरेटरांना नेमके काय दिसते

मॉडरेटरांच्या हाती दोन वेगळ्या नोंदी असतात आणि लोक त्या दोन्हींना सरसकट ‘लॉग’ म्हणतात. पहिली डिस्कॉर्डची स्वतःची ऑडिट लॉग. तिच्यात मॉडरेटरांनी आणि प्रशासकांनी केलेल्या कृतींची नोंद असते: कोणाला काढले, कोणती भूमिका बदलली, दुसऱ्याचा मेसेज कोणी डिलीट केला. सभासदाने स्वतःचा मेसेज स्वतः डिलीट केला तर त्याची नोंद या लॉगमध्ये होत नाही. शिवाय तिच्यात मेसेजचा मजकूर नसतो आणि तिच्यातल्या नोंदी ४५ दिवसांनंतर दिसेनाशा होतात. या लॉगची तिला भीती बाळगायचे कारण नव्हते.

दुसरी नोंद लॉग-बॉटची, आणि खरा प्रश्न तिचाच होता. एखादा मेसेज डिलीट झाला की डिस्कॉर्ड बॉटला एक सूचना पाठवते. त्या सूचनेत मेसेजचा आयडी, चॅनेलचा आयडी आणि सर्व्हरचा आयडी एवढेच असते. पुसलेला मजकूर त्यात नसतो, लेखकाचे नावही नसते. मग बॉट लॉग-चॅनेलमध्ये मजकूर कसा दाखवतो? मेसेज मूळ लिहिला गेला त्या वेळी बॉट तिथे हजर होता आणि त्याने तो स्वतःच्या साठ्यात ठेवला होता, म्हणून. हा साठा बहुतेक वेळा मर्यादित असतो. अलीकडचे काही मेसेज किंवा काही दिवसांचे मेसेज ठेवायचे आणि जुने सोडून द्यायचे, अशी त्याची रचना असते. काही बॉट फक्त चालू असतानाच्या स्मृतीत साठवतात, त्यामुळे बॉट पुन्हा सुरू झाला की ती पाटी कोरी होते. जो मेसेज या साठ्यात नाही, तो पुसला तर बॉट फार तर “अमुक चॅनेलमध्ये एक मेसेज डिलीट झाला” एवढेच लिहू शकतो.

याचा व्यवहारी अर्थ तिच्या भीतीच्या नेमका उलटा निघतो. चार-पाच वर्षांपूर्वीचे मेसेज, ज्यांत सर्वात जास्त खाजगी तपशील होते, ते पुसल्याने त्यांची प्रत बहुधा कुठेही उमटणार नव्हती. जोखीम होती ती काल-परवाच्या मेसेजची, कारण ते पुसताक्षणी त्यांचा पूर्ण मजकूर लॉग-चॅनेलमध्ये येऊन पडला असता, आणि तो बॉटच्या नावाने पडलेला असल्यामुळे तिला कधीच पुसता आला नसता.

‘बहुधा’ या शब्दावर मात्र काम सोडता येत नाही, कारण सर्व मेसेज कायमचे साठवणारा बॉटही असू शकतो. म्हणून आम्ही मॉडरेटरांपैकी एका जुन्या, फोंड्याच्या मुलाला विश्वासात घ्यायचे ठरवले. तिने त्याला खाजगीत लिहिले: “दादा, मी काही दिवसांत सर्व्हर सोडणार आहे. त्याआधी माझी वैयक्तिक माहिती असलेले जुने मेसेज काढते आहे. एक गोष्ट तपासून सांगशील का? मी दोन साधे मेसेज डिलीट करते, एक पाच वर्षांपूर्वीचा आणि एक आजचा. लॉगमध्ये दोन्हींचे काय दिसते ते कळव.” तिने २०२० सालचा एक “शुभ रात्री” पुसला आणि दहा मिनिटांपूर्वी मुद्दाम लिहिलेला एक मेसेज पुसला. त्याचे उत्तर आले: “जुन्याचा फक्त आयडी आणि चॅनेल आलाय, मजकूर नाही. आजचा पूर्ण आलाय, तुझ्या नावासकट.” हा प्रयोग कोणीही करू शकतो. बॉटची माहितीपत्रके वाचण्यापेक्षा तो अधिक खात्रीचा असतो, कारण त्याच सर्व्हरवरील त्याच बॉटची त्या वेळची स्थिती त्यातून कळते.

साठा किती मागे जातो हे ठरवण्यासाठी तिने आणखी काही निरुपद्रवी मेसेज निरनिराळ्या वयाचे निवडून पुसले. काही आठवड्यांपूर्वीच्या मेसेजचाही मजकूर आला नाही. त्यामुळे यादीतले जवळजवळ सगळे मेसेज सुरक्षित बाजूला होते. अगदी अलीकडचे चार मेसेज तिने तसेच राहू दिले आणि ते जुने होण्याची वाट पाहिली.

इथे एक सर्रास दिला जाणारा सल्ला तपासून पाहण्यासारखा आहे. लोक सांगतात, आधी मेसेज संपादित करून त्यात फक्त एक टिंब ठेवा आणि मग डिलीट करा, म्हणजे लॉगमध्ये टिंबच जाईल. संपादन हीदेखील बॉटला कळणारी घटना आहे. मेसेज साठ्यात असेल तर बॉट ‘आधीचा मजकूर’ आणि ‘नंतरचा मजकूर’ असे दोन्ही छापतो. साठ्यात नसेल तर तसाही मजकूर उमटणार नव्हता. दोन्ही स्थितींत हाती लागते ती एकाऐवजी दोन नोंदींची भर.

पुसण्याचे प्रत्यक्ष काम

तिच्या एका मैत्रिणीने ब्राउझरमध्ये चालणारी तयार स्क्रिप्ट सुचवली होती. ती आपल्या खात्याच्या वतीने एकेक मेसेज आपोआप पुसत जाते. मी तिला ठाम नकार दिला. सामान्य वापरकर्त्याचे खाते यंत्रणेने चालवायला डिस्कॉर्डच्या नियमांत बंदी आहे आणि त्यासाठी खाते बंद होऊ शकते. खाते अर्ध्या कामात बंद झाले तर उरलेले मेसेज कायमचे तिथेच राहतात. शिवाय अशा स्क्रिप्टला खात्याचे टोकन द्यावे लागते, आणि टोकन म्हणजे पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी दोन्ही ओलांडून आत जाणारी किल्ली आहे. स्क्रिप्ट कोणी बदलली आहे का हे वाचून समजण्याइतके ज्ञान नसेल, तर ती किल्ली अनोळखी माणसाच्या हातात गेली असेच धरावे.

हाताने काम करायला संगणकावरचे ॲप सोयीचे पडते. दुव्यावरून मेसेजवर जायचे, `Shift` दाबून धरायचे, मेसेजवर माउस नेला की डिलीटचे चिन्ह थेट दिसते आणि दर वेळी खात्री विचारणारी चौकट येत नाही. चौकट येत नाही म्हणूनच सावकाश करायचे. चुकीचा मेसेज गेला तर परत आणता येत नाही. तिने रोज संध्याकाळी तीस-चाळीस मेसेज असा बेत ठेवला. एका बैठकीत तीनशे मेसेज भराभर पुसले असते तर लॉग-चॅनेल नोंदींनी भरून गेले असते, आणि ज्याला काही माहीत नाही अशा एखाद्या मॉडरेटरने खाते हॅक झाले असे समजून तिला बाहेर काढले असते. असे होते, आणि त्यात मॉडरेटरची चूक नसते. म्हणून त्या फोंड्याच्या मुलाने मॉडरेटरांच्या चॅनेलमध्ये एक ओळ टाकून ठेवली की हे सभासदाचे स्वतःचे काम चालू आहे.

सर्वात जास्त वेळ गेला तो बंद झालेल्या थ्रेडमध्ये, म्हणजे चॅनेलमधल्या एकेका विषयाच्या उपचर्चेत. फोंड्यात भाड्याची खोली शोधताना तिने एका थ्रेडमध्ये आपला मोबाइल क्रमांक टाकला होता. तो थ्रेड केव्हाच अर्काइव्ह झाला होता. अर्काइव्ह झालेल्या थ्रेडमधला मेसेज पुसायचा प्रयत्न केला की काम होत नाही. थ्रेड आधी पुन्हा उघडावा लागतो. साधा अर्काइव्ह झालेला थ्रेड त्यात एक नवा मेसेज टाकला की उघडतो, पण हा थ्रेड मॉडरेटरांनी कुलूपबंद केलेला होता आणि तो फक्त थ्रेड सांभाळण्याची परवानगी असलेल्यालाच उघडता येतो. अडकलेल्या मेसेजचे हे सर्वात सामान्य कारण आहे, आणि दुवा उघडतो, मेसेज दिसतो, तरी डिलीट होत नाही, हे त्याचे लक्षण. मॉडरेटरने थ्रेड पाच मिनिटांसाठी उघडला, तिने क्रमांक पुसला, त्याने तो पुन्हा बंद केला. फोरम-चॅनेलमध्ये प्रत्येक विषयाची शीर्षकासह वेगळी पोस्ट असते, आणि तिथेही अशीच एक खोच आहे: पहिला मेसेज पुसला तरी पोस्टचे शीर्षक तसेच राहते. “फोंडा बसस्टँडजवळ मुलीसाठी खोली हवी” हे शीर्षक तिला आधी संपादित करावे लागले.

जे तिच्या हातात नव्हते

दुसऱ्यांनी तिच्याविषयी लिहिलेले मेसेज तिला पुसता येत नव्हते. `mentions:` वापरून तिने स्वतःचा उल्लेख असलेले मेसेज शोधून पाहिले. तिघा जणांनी तिचे खरे नाव लिहिले होते. त्या तिघांना तिने स्वतः विनंती केली आणि दोघांनी त्याच दिवशी मेसेज काढले. तिसरा सभासद केव्हाच सर्व्हर सोडून गेला होता, म्हणजे त्याचा मेसेज आता फक्त मॉडरेटरच काढू शकत होते.

मॉडरेटरांना लिहिताना तिने मी सुचवलेला एक नियम पाळला: सरसकट मागणी करायची नाही. “माझे सगळे काढून टाका” या मागणीला नकार मिळतो, आणि त्या नकाराला तांत्रिक कारणही असते. डिस्कॉर्डमध्ये सभासदाला बंदी घालताना त्याचे मेसेज पुसण्याचा पर्याय असतो, पण तो जास्तीत जास्त मागच्या ७ दिवसांपुरता चालतो. बॉटला एका वेळी १०० मेसेज पुसता येतात, पण १४ दिवसांपेक्षा जुने मेसेज या रीतीने जात नाहीत. त्यांना एकेक करूनच हात लावावा लागतो. सहा वर्षांचे काम एका बटणावर होत नाही, हे विनंती करणाऱ्याला माहीत असले की पत्र वेगळ्या सुरात लिहिले जाते. तिचे पत्र असे होते:

“नमस्कार. मी या महिन्याच्या शेवटी सर्व्हर सोडत आहे. माझी वैयक्तिक माहिती असलेले माझे मेसेज मी स्वतः काढले आहेत. खालील तीन गोष्टी मला काढता येत नाहीत, म्हणून आपणास विनंती. एक, सर्व्हर सोडून गेलेल्या सभासदाचा एक मेसेज, ज्यात माझे पूर्ण नाव आहे. दोन, लॉग-चॅनेलमधील बॉटच्या दोन नोंदी, ज्यांत माझा मोबाइल क्रमांक आला आहे. तीन, निवडक चित्रांच्या चॅनेलमध्ये बॉटने पुन्हा टाकलेला माझा एक फोटो. दुवे आणि आयडी सोबत देत आहे. लॉगमधील नोंदींचे दुवे माझ्याकडे नाहीत, म्हणून त्यांच्या तारखा दिल्या आहेत. माझ्या तक्रारीविषयीच्या नोंदी आपण ठेवाव्यात, त्या काढण्याची माझी मागणी नाही.”

लॉगमधल्या त्या दोन नोंदी कशा आल्या, हे सांगायला हवे. तीन वर्षांपूर्वी तिने क्रमांक टाकला, घाईत चुकीचा वाटला म्हणून लगेच पुसला आणि पुन्हा टाकून पुन्हा पुसला. ताजे असल्यामुळे ते दोन्ही वेळा बॉटच्या साठ्यात होते आणि दोन्ही वेळा मजकुरासह लॉगमध्ये गेले. लगेच पुसलेला मेसेज सुरक्षित आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेला धोकादायक, असे लोक समजतात. लॉगच्या बाबतीत ते अगदी उलटे असते. बॉटने लॉग-चॅनेलमध्ये टाकलेली नोंद हा एक साधा मेसेजच असतो, बॉटचा साठा रिकामा झाला तरी तो तिथे राहतो, आणि मॉडरेटरांची इच्छा असेल तर ते तो दोन क्लिकमध्ये काढू शकतात.

पत्रातले शेवटचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. त्या सभासदाविरुद्धची तिची तक्रार, त्यावर मॉडरेटरांनी केलेली चर्चा आणि तिने दिलेले स्क्रीनशॉट हे सर्व त्यांच्याकडे राहायलाच हवे होते, नाहीतर उद्या त्याने दुसऱ्या मुलीच्या बाबतीत तेच केले तर त्यांच्याकडे मागचे काहीच उरत नाही. लॉग ठेवण्याला खरेच कारण असते. शिवीगाळ करून मेसेज पुसणारे लोक रोज येतात आणि त्यांना पकडण्यासाठीच हे बॉट बसवलेले असतात. आपली माहिती काढण्याची मागणी आणि आपल्या वागणुकीची नोंद पुसण्याची मागणी या दोन्हींत फरक आहे; तो फरक विनंती करणाऱ्याने स्वतःहून मांडला की मॉडरेटरांचा संशय निम्मा कमी होतो. तिची तिन्ही कामे दोन दिवसांत झाली.

कायद्याचा आधार घ्यावा का, असे तिने विचारले होते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १२ मध्ये माहिती पुसून मिळण्याचा हक्क आहे, पण त्याच्या अंमलबजावणीची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शिवाय व्यक्तीने वैयक्तिक कारणासाठी हाताळलेली माहिती आणि आपण स्वतः सार्वजनिक केलेली माहिती हा कायदा वगळतो. हौशी मॉडरेटरांच्या सर्व्हरवर तो हक्क किती चालेल याविषयी शंका राहते. अशा वेळी नोटिशीच्या भाषेत लिहिल्याने दारे बंद होण्याचीच शक्यता जास्त होती.

निघतानाची एक शेवटची अडचण

सर्व काही झाल्यावर ती ‘सर्व्हर सोडा’ दाबणार होती, तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. टोपणनाव तिने त्या सर्व्हरपुरते घेतलेले होते. सर्व्हर सोडला की सर्व्हरपुरते टोपणनावही जाते, आणि मागे राहिलेल्या सुमारे ३,७०० मेसेजवर खात्याचे सर्वसाधारण नाव दिसू लागते. त्या खात्यावर तिने स्वतःचे खरे नाव आणि भावाच्या लग्नातला फोटो ठेवला होता. जुन्या मेसेजवर लेखकाचे नाव आणि चित्र आजच्या खात्यावरून घेतले जाते, म्हणून आधी खात्याचे नाव बदलले, चित्र बदलले, परिचयाचा मजकूर काढला, मगच बाहेर पडली. नंतर त्या फोंड्याच्या मुलाने दोन जुने मेसेज उघडून त्यांवर नवे नाव दिसते आहे याची खात्री करून तिला स्क्रीनशॉट पाठवला.

खात्याचा आयडी मात्र नाव बदलले तरी तोच राहतो. त्या सभासदाने आयडी टिपून ठेवला असेल तर इतर सामाईक सर्व्हरवर तो तिला ओळखू शकतो, म्हणून त्याला ब्लॉक केले आणि ज्या सर्व्हरवर दोघे होते ते तपासून तिने त्यांतूनही याच रीतीने माघार घेतली. डिस्कॉर्डचे खाते तिने अजून काढलेले नाही. एखादा राहून गेलेला मेसेज कोणी दाखवून दिला, तर निमंत्रणावरून पुन्हा आत जाऊन तो पुसता यावा, म्हणून सहा महिने ते तसेच ठेवायचे आणि त्यानंतर काढायचे, असे ठरले आहे.